मदत हवी आहे: काजूची किंमत ११५० टाकलीय, पुण्याच्या गिऱ्हाइकाला वेगळीच दिसते, आणि इनव्हॉइसवर टॅक्सच नाही

काजूगर_फोंडा
कोणीतरी लवकर सांगा. एक किलोच्या पाकिटाची किंमत टॅक्स धरून ११५० टाकलीय. गोव्यातल्या माणसाने ऑर्डर केली की ११५० च लागतात, पुण्याच्या माणसाने केली की चेकआउटला १०९५.२४ होतात, म्हणजे पाकिटामागे पंचावन्न रुपये माझ्या खिशातून. वर तो पुण्याचा म्हणतो टॅक्स इनव्हॉइस पाठवा आणि साइटवरून जी पीडीएफ जाते तिच्यावर टॅक्सची ओळच नाही. साइट करून दिली तो आता फोन उचलत नाही. चवथीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, काय ते पटकन सांगा.

शून्यशेष
कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहे साइट? ते न सांगता काय सांगणार.

म्हापशाची_मावशी
अरे बाबा, टॅक्स धरून कशाला लिहितोस? ११०० लिही आणि खाली 'अधिक जीएसटी' टाक. माझ्या लोणच्यांचं मी असंच करायचे. आता तर कंपोझिशन घेतलंय, टॅक्स दाखवायची भानगडच नाही, सरळ बिल ऑफ सप्लाय द्यायचं.

काजूगर_फोंडा
वूकॉमर्स. वाटलं सगळे तेच वापरतात.

पर्वरीकर
मावशी, कंपोझिशनवाल्याला माल राज्याबाहेर विकता येत नाही. ह्यांचं गिऱ्हाईकच पुण्याचं आहे, ह्यांना तो रस्ता बंद. आणि पाकिटावर एमआरपी छापायची ती सगळे कर धरूनच. पाकिटावर ११५० छापून वर टॅक्स लावला तर वजनमाप खात्याला आयतं निमित्त. डिलिव्हरी वेगळी घेता येते, टॅक्स नाही.
फोंडेकर, तुमचा जीएसटी नंबर आहे ना, ३० ने सुरू होणारा? स्वतःच्या साइटवरून दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर चाळीस लाखांची मर्यादा काजूला उपयोगाची नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. आणि टॅक्सच्या टेबलात काय काय ओळी आहेत त्या जशाच्या तशा इथे टाका.

म्हापशाची_मावशी
मी म्हापशाच्या बाजाराबाहेर जातच नाही, मला चालतं. असो.

शून्यशेष
वूकॉमर्स असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. चाइल्ड थीमच्या functions.php मध्ये हे टाका, किंमत जगात कुठेही हलणार नाही:

```
add_filter( 'woocommerce_adjust_non_base_location_prices', '__return_false' );
```

काजूगर_फोंडा
नंबर आहे हो, त्याशिवाय कसा विकीन. @शून्यशेष टाकलं, पुण्याला ११५० दिसायला लागले. देव बरं करो. सुटला प्रश्न.

पर्वरीकर
सुटला नाही. आता पुण्याच्या नावाने टेस्ट ऑर्डर करा आणि पीडीएफ उघडा. टॅक्स शून्य आलाय की नाही सांगा.

काजूगर_फोंडा
शून्यच आहे. टेबलात दोनच ओळी दिसतायत, दोन्ही `IN` `GA`, २.५ आणि २.५.

पर्वरीकर
तेच म्हणत होतो. तुम्ही `Yes, I will enter prices inclusive of tax` निवडलंय, तेव्हा वूकॉमर्स आधी दुकानाच्या पत्त्याचा टॅक्स किमतीतून काढतं आणि मग गिऱ्हाइकाच्या पत्त्याचा चढवतं. गोव्याचा ५ टक्के काढला की ११५० भागिले १.०५, म्हणजे १०९५.२४. पुण्यासाठी टेबलात ओळच नाही म्हणून वर काही चढलं नाही. वरच्या कोडने हा काढायचा-चढवायचा खेळ थांबतो, पण गिऱ्हाइकाच्या राज्याचा टॅक्स कुठून येणार, ओळ नाही ती नाहीच. पूर्वी निदान चूक दिसत होती, आता ११५० दिसतात आणि इनव्हॉइस चुकीचंच जातं. कोड काढून टाका आणि पुण्यासाठी आयजीएसटीची, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरच्या टॅक्सची, ओळ घाला.

शून्यशेष
कोड चुकीचा नाहीये. उद्या एखाद्या राज्याची ओळ राहिली तर निदान गिऱ्हाइकाला वेगळी किंमत दिसणार नाही. कित्येक साइटवर लावलाय, कोणाची तक्रार नाही.

पर्वरीकर
तक्रार रिटर्न भरताना येते, तेव्हा तुम्ही तिथे नसता. सगळं नीट लागल्यावर वाटलं तर ठेवा म्हणावं. आजार समजायच्या आधी नको.

दोनापावला_रिटायर्ड
काजूचा विषय निघालाच आहे तर, फेणीसुद्धा साइटवरून पुण्याला पाठवता येईल का? मुलगा तिथे असतो, बाटली नेऊन द्यायला प्रत्येक वेळी कोण जाणार. तिच्यावर जीएसटी किती?

पर्वरीकर
काका, पिण्याच्या दारूवर जीएसटीच नाही, ती एक्साइजकडे. कुरिअरच्या नादाला लागू नका.

काजूगर_फोंडा
कोड काढला. आयजीएसटी ५ ची ओळ घातली, राज्याच्या जागी * ठेवलं, प्रायॉरिटी ३ दिली कारण १ आणि २ आधीच भरलेत. आता तर अजूनच घोळ, पुण्याला १०९७.७३ दिसतात!! आणि गोव्याच्या बिलावर तीन-तीन टॅक्स.

पर्वरीकर
१०९७.७३ ह्या आकड्यातच उत्तर आहे. ११५० मधून १० टक्के काढला की १०४५.४५, त्यावर ५ टक्के चढवला की बरोबर १०९७.७३. म्हणजे साइटच्या मते गोव्याचा टॅक्स १० टक्के झालाय. प्रायॉरिटी हा रांगेतला नंबर नाही. एका प्रायॉरिटीची एकच ओळ लागू होते, आणि वेगवेगळ्या प्रायॉरिटीच्या सगळ्या जुळणाऱ्या ओळींची बेरीज होते. * मध्ये गोवाही येतो, म्हणून तुमची तिसरी ओळ गोव्यालाही लागली. तिला १ द्या. मग गोव्याच्या गिऱ्हाइकासाठी १ मध्ये `GA` वाली नेमकी ओळ आधी सापडते आणि * वाली गळते, पुण्यासाठी मात्र तीच उरते.

```
Country  State  Rate  Name  Priority  Compound  Shipping
IN       GA     2.5   CGST  1         no        yes
IN       GA     2.5   SGST  2         no        yes
IN       *      5     IGST  1         no        yes
```

कंपाउंडवर टिक नको, टॅक्सवर टॅक्स चढेल. आणि `Display tax totals` ला `Itemized` ठेवा, नाहीतर इनव्हॉइसवर तिन्ही नावांऐवजी एकच गोळा आकडा येईल.

डिचोलीचा_व्यापारी
मी इतकं करत नाही, ११५० चे ५ टक्के ५७.५० काढतो, उरलेले १०९२.५० मूळ किंमत. टॅलीत टाकतो, झालं.

पर्वरीकर
१०९२.५० वर ५ टक्के लावून बघा, ११४७.१३ येतात. तुमचं बिल ११५० ला जुळतच नाही. टॅक्स धरलेल्या किमतीला १०५ ने भागून ५ ने गुणायचं, ५४.७६ येतो. गोव्यात त्याचे २७.३८ अधिक २७.३८, पुण्याला एकरकमी ५४.७६ आयजीएसटी.

डिचोलीचा_व्यापारी
दोन-अडीच रुपयांनी कोण मरतंय. आमच्या सीएने कधी काही म्हटलं नाही.

काजूगर_फोंडा
आला!! दोन्हीकडे ११५०, पुण्याच्या पीडीएफवर आयजीएसटी ५४.७६. पण डिलिव्हरीचे ८० ठेवलेत तिथे ८४ दाखवतंय, ते का? आणि खारे काजू पण आहेत, त्यांना १२ ची वेगळी ओळ लागेल ना?

पर्वरीकर
खारे-भाजलेले १२ वर होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून तेही ५ वर आले. मालाचा एचएसएन कोड मात्र वेगळा, साध्या गराचा ०८०१, खाऱ्या-भाजलेल्याचा २००८.
डिलिव्हरीचं असं की 'टॅक्स धरून' ही सेटिंग फक्त वस्तूंना लागते, शिपिंगचा आकडा वूकॉमर्स नेहमी टॅक्सविना धरतं. ८० हवे तर ७६.१९ लिहा. `Shipping` वरची टिक काढून ८० करू नका, काजूबरोबर घेतलेल्या डिलिव्हरीवर काजूचाच दर लागतो.
आणि आधीच्या पुण्याच्या ऑर्डरींवरचा टॅक्स सुटत नाही. मिळालेल्या १०९५.२४ मधूनच तो निघेल, पाकिटामागे ५२.१५. ती बिलं कशी सुधारायची ते तुमच्या सीएबरोबर बसून ठरवा.

वास्को_ते_वेर्णा
इनव्हॉइस नंबर म्हणून ऑर्डर नंबरच जातोय का? आमच्याकडे १०४ नंतर एकदम १११ आला होता आणि ऑफिसात बोंबाबोंब.

काजूगर_फोंडा
हो, ऑर्डर नंबरच. चालत नाही का?

पर्वरीकर
नाही चालत. मधल्या नंबरवर अर्धवट सोडलेल्या ऑर्डरी जातात, काही सेटअपमध्ये साइटवरची पानं आणि फोटोसुद्धा. इनव्हॉइसची मालिका ओळीने हवी, सोळा अक्षरांच्या आत, एका आर्थिक वर्षात पुन्हा न येणारी. पीडीएफ इनव्हॉइसच्या बहुतेक प्लगइनमध्ये स्वतंत्र नंबर देता येतो, `KG/26-27/0041` असं काहीतरी ठेवा आणि १ एप्रिलला परत एकपासून. पीडीएफ ऑर्डर `Processing` झाल्यावरच बनू द्या, म्हणजे पैसे न भरलेल्यांवर नंबर वाया जात नाहीत. माल परत आला तर इनव्हॉइस डिलीट करायचं नाही, क्रेडिट नोट काढायची. बाकी तुमचं नाव-पत्ता-नंबर, मालाचं वर्णन आणि वजन, एचएसएन, टॅक्सआधीची रक्कम, टॅक्सचा दर आणि रक्कम, आणि राज्याबाहेर जाणाऱ्यावर 'प्लेस ऑफ सप्लाय: महाराष्ट्र' एवढं दिसलं पाहिजे. सही विसरतात लोक, डिजिटल सही चालते.

काजूगर_फोंडा
बरं आता शेवटचं. पणजीचं एक हॉटेल चाळीस डबे मागतंय, बिल हॉटेलच्या नावावर त्यांच्या जीएसटी नंबरसकट, पण डबे जाणार मुंबईत त्यांच्या एजंटांच्या घरी. साइट आयजीएसटी लावतेय. बरोबर ना?

शून्यशेष
`Calculate tax based on` ला `Customer billing address` करा. संपलं.

पर्वरीकर
संपलं नाही, उलट दुसरीकडे फुटेल. नोंदणीकृत हॉटेलच्या सांगण्यावरून माल तिसऱ्याकडे गेला तर प्लेस ऑफ सप्लाय हॉटेलचं मुख्य ठिकाण, म्हणजे गोवा, डबे मुंबईला जात असले तरी सीजीएसटी-एसजीएसटी. पण साध्या माणसाने पर्वरीत बसून पुण्याच्या बहिणीला पाकीट पाठवलं तर डिलिव्हरीचा पत्ता धरायचा, २६ जून २०२४ च्या सर्क्युलरमध्ये तसं स्पष्ट केलंय. एका सेटिंगने दोन्ही जमत नाही. तुमचं रोजचं गिऱ्हाईक साधं आहे, तेव्हा `Customer shipping address` च ठेवा आणि हॉटेलची ऑर्डर साइटबाहेर घेऊन इनव्हॉइस हाताने काढा, पण मालिका तीच.

डिचोलीचा_व्यापारी
तसंही भेट म्हणून वाटलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट हॉटेलला मिळत नाही, सांगून ठेवा त्यांना.

शून्यशेष
हाताने कशाला? चेकआउटला जीएसटी नंबरचा रकाना ठेवायचा, तो भरला असेल तर बिलिंग पत्ता, नसेल तर शिपिंग. कोडने होईल.

पर्वरीकर
होईलही. पण मुंबईच्या कंपनीने स्वतःच्याच पणजीच्या ऑफिसात माल मागवला तर? तिथे बिलिंग पत्ता धरायचा का, हे तुमचा कोड नाही ठरवू शकत.

शून्यशेष
अशा ऑर्डरी किती येणार आहेत? लिहून बघतो, रविवारी टाकतो इथे.

काजूगर_फोंडा
बघा तुम्ही. हॉटेलवाल्याचा परत फोन आलाय, त्याला हाताने लिहूनच देतो. मालिका तीच म्हणालात, म्हणजे प्लगइनमधला पुढचा नंबर एकने वाढवून ठेवायचा का?

पर्वरीकर
हो, पण आधी नंबर वाढवा, मग हॉटेलचं बिल काढा. उलटं केलंत आणि मध्ये एखादी ऑर्डर आली तर दोघांना एकच नंबर जाईल.