मदत हवी आहे : माकडहाडावरील लाल डाग आणि एकाच कुशीची अडचण

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी 82 वर्षांच्या आत्या उजव्या खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. या आठवड्यात त्यांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबून सोडल्यावर तो क्षणभरही पांढरा पडत नाही. घरी येणाऱ्या परिचारिकाबाईंच्या मते, कातडी शाबूत असली तरी ही शय्याव्रणाची पहिली पायरी आहे. डागावर तेल चोळायचे नाही, कारण आतला भाग आधीच दुखावलेला असतो, आणि रिंगची उशीही द्यायची नाही, कारण तिची कड भोवतालचा रक्तपुरवठा अडवते, असे त्यांनी बजावले. (शेजारी मात्र दोन्हींचा आग्रह धरतात.)

दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी लावून 30 अंशच कलते ठेवायचे, आणि टाचा पोटऱ्यांखालच्या उशीने अधांतरी ठेवायच्या, हे आम्ही पाळतो. अडचण अशी की उजवी कूस बंद असल्याने डावीनंतर पुन्हा पाठच, म्हणजे पुन्हा तोच डाग. शिवाय ठसका लागू नये म्हणून जेवताना आणि नंतर अर्धा तास त्यांना उठवून बसवावे लागते. तेव्हा त्या खाली घसरतात आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते.

अशा रुग्णाची काळजी घेतलेल्यांनी कृपया सांगावे : पाठीवरची पाळी टाळण्यासाठी आपण काय केले? उशाकडची बाजू उचलण्याआधी गुडघे उचलल्याने घसरणे थांबते का? हवेची गादी बेळगावात भाड्याने कुठे मिळेल?