प्रति: ड्रिपरखाली नऊ, मधे एक

> "निफाडजवळ द्राक्षबाग. मे महिन्यात फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा खणला. ड्रिपरखाली नऊ गांडुळं, दोन ओळींच्या मधे एकच. जमीन मेली म्हणायची का?"

एवढ्यात नको. मे महिन्यात मधला पट्टा कोरडा ठाक असतो. गांडूळ त्वचेतून श्वास घेतं, त्यामुळे ओल गेली की ते खोल जातं, नाहीतर गोळा होऊन पडून राहतं. तुमच्या आकड्यांनी ओल मोजली, जमिनीचा जीव नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात, पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी, सकाळी परत खणा. फूटभराचं ढेकूळ अख्खं उचलून गोणपाटावर ठेवा आणि हाताने फोडा. पिल्लं दोऱ्याएवढी असतात, घाईत हमखास सुटतात. तुकडे झाले तर डोक्याकडचेच मोजा. शेणखताच्या ढिगाजवळ खणू नका, तिथला आकडा फुगतो. एका ढेकळात दहाच्या आसपास निघाली तर ठीक समजतात, पण भारी काळ्या आणि मुरमाड जमिनीला एकच माप लावू नये.

तेव्हाही मधे रिकामं निघालं तर ट्रॅक्टरच्या चाकोरीत एक आणि चाक न जाणाऱ्या जागी एक, असे दोन खड्डे घ्या. फक्त चाकोरी रिकामी आणि तिथली माती थरांच्या चपट्या पापुद्र्यांत फुटते, तर जमीन दबली आहे. दोन्हीकडे रिकामं असेल तर माती परीक्षणात तांबं बघा. वर्षानुवर्षांच्या बोर्डो फवारणीतलं तांबं वरच्या थरातच साठतं आणि गांडुळांना ते सोसत नाही. अशा बागेत गांडुळं विकत आणून सोडण्यात पैसे घालवू नका. गांडूळखताची जात तशीही शेतात टिकत नाही.