पंधराव्या वर्षी तिशीतल्या स्वतःला पत्र: 'हे बदलू नकोस' असं लिहावं का?

अर्धवट_वही:
मी पंधरा वर्षांचा आहे. तिशीतल्या मला पत्र लिहितोय, माझ्यातलं काय बदलू नये याबद्दल. आत्तापर्यंत तीन वाक्यं झालीत: "तू प्रामाणिक राहा. चित्रं काढणं सोडू नकोस. कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं हसू नकोस." बाबा म्हणाले, तिशीत वाचशील तेव्हा स्वतःलाच हसशील. लिहू का? आणि लिहिलं तर असं चालेल का?

रोखठोक:
लिही की, पण आशा ठेवू नकोस. क्वाइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांचा एक अभ्यास 2013 साली 'सायन्स'मध्ये आला होता, 19,000 हून जास्त लोकांवर. कुठल्याही वयाचा माणूस म्हणतो, गेल्या दहा वर्षांत मी बराच बदललो, पण पुढच्या दहा वर्षांत फारसा बदलणार नाही. तुझं पत्र म्हणजे याच भ्रमाचा नमुना. तिशीत तुझ्यातलं काही म्हणजे काही शिल्लक राहणार नाही. वडील बरोबर बोलतायत.

मागचं_पान:
रोखठोक, अभ्यास खरा, पण तुम्ही तो फार ताणलात. एक तर त्यातले लोक 18 ते 68 वयाचे होते, पंधराचं कुणी नव्हतं. दुसरं म्हणजे बदल आपण कमी धरतो एवढंच त्यातून निघतं, काहीच उरत नाही असं नाही. आणि मुलानं 'मी असाच राहीन' असं कुठे लिहिलंय? तो 'राहा' म्हणतोय. अंदाज चुकतो. इच्छा चुकत नाही, फार तर अपुरी राहते.

माझी हरकत वेगळीच आहे. बाळा, हे पत्र तिशीत तुला काहीही सांगणार नाही. 'प्रामाणिक राहा' वाचून तिशीतला तू म्हणशील, आहेच की मी प्रामाणिक. कारण तेव्हा प्रामाणिक कशाला म्हणायचं हे तूच ठरवणार, आणि पंधराव्या वर्षी आपण कसे होतो हेही तूच सांगणार, सोयीप्रमाणे.

हे उगाच म्हणत नाही. डॅनियल ऑफर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1962 साली 73 मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या, सगळे चौदा वर्षांचे. घरचं वातावरण, आई-वडिलांची शिस्त, धर्म, मैत्रिणी, सगळं विचारलं. चौतीस वर्षांनी त्यातल्या 67 जणांना गाठून म्हणाले, आता आठवून सांगा, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं असेल? त्यांची उत्तरं नाणं उडवून दिली असती तरी साधारण तेवढीच जुळली असती. ही धडधाकट, नॉर्मल माणसं होती बरं का. चौदाव्या वर्षाचे आपण म्हणून जो आठवतो, तो बराचसा नंतर रचलेला असतो.

म्हणून पत्राचं काम उपदेशाचं नाही, साक्षीचं. विशेषण काढ आणि प्रसंग घाल. खोटं हसायचं नाही म्हणतोस ना? मग शेवटचं कधी हसला नाहीस ते लिही. कोण होतं, कोण काय बोललं, तुला नंतर काय भोगावं लागलं.

शाईवाला:
जेल पेनाने लिही, पण खोडता येणाऱ्या जेल पेनाने नको. ती शाई साधारण 60 अंशांना उडते. मी त्या पेनाने भरलेली वही उन्हात तापलेल्या गाडीत राहिली, नंतर पानं कोरी. शिसपेन्सिल उत्तम, घासलं नाही तर पन्नास वर्षं हलत नाही. ईमेलच्या भानगडीत पडू नकोस, पंधरा वर्षांनी पासवर्ड कुणाला आठवतोय.

रोखठोक:
शाईवाले, प्रश्न काय, तुम्ही सांगताय काय!

शाईवाला:
पत्र वाचता आलं तर पुढची चर्चा ना.

तिसरी_घंटा:
मी असं पत्र लिहिलं होतं आणि मला ते सापडलंही, एकतिसाव्या वर्षी. त्यात होतं, "नाटक सोडलंस तर तू मी नाहीस." सोडून सात वर्षं झाली होती. तालमींमुळे नाही, मला दुसरं काम मनापासून आवडायला लागलं म्हणून. तरी ते वाक्य वाचून दोन दिवस मी आरोपीसारखी वावरत होते. पंधरा वर्षांच्या मुलीला माझ्यावर खटला भरायचा काय अधिकार? तेव्हा तिला भाडं भरणं माहीत नव्हतं, आजारपण माहीत नव्हतं, आवड बदलू शकते हेही माहीत नव्हतं. मी तर म्हणेन, लिहू नकोस. लिहिलंस तर त्यात धमकी नको.

मागचं_पान:
तिसरी घंटा, तुमचं वाक्य साक्षीचं नव्हतं, अटीचं होतं. 'तालमीत अंधारात उभं राहून दुसऱ्याचे संवाद ऐकायला मला आवडतं' असं लिहिलं असतंत तर?

तिसरी_घंटा:
तर जास्त रडले असते. तुम्हाला वाटतं वर्णन निरुपद्रवी असतं. नसतं हो.

मागचं_पान:
हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

रोखठोक:
म्हणजे शेवटी माझंच खरं ठरलं, माणूस बदलला.

मागचं_पान:
अर्धंच. 2000 साली रॉबर्ट्स आणि डेलवेकिओ यांनी बऱ्याच दीर्घ अभ्यासांचे आकडे एकत्र केले होते. स्वभावाच्या बाबतीत बरोबरीच्या मुलांत आपला क्रम किती टिकतो, याचा आकडा कॉलेजच्या वयात 0.54 येतो आणि तिशीला 0.64. 1 म्हणजे क्रम अजिबात हलला नाही, 0 म्हणजे पार विस्कटला. वर्गातला सगळ्यात भिडस्त मुलगा तिशीत धीट होईलही, पण बाकीचेही धीट झालेले असतात, त्यामुळे त्यांच्यात तो बहुधा भिडस्तांकडेच सापडतो. 'बहुधा' हा शब्द सोडू नका, एका माणसाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

अर्धवट_वही:
काकू (की काका?), तुम्ही सांगितलं तसं तिसरं वाक्य पुन्हा लिहिलं. खाली देतो.

"माझा एक मित्र बोलताना अडखळतो. 'प'वर जास्त. परवा मधल्या सुट्टीत तो 'प... प...' करत होता आणि एकाने त्याचं वाक्य पूर्ण केलं, तेही चुकीचं. सगळे हसले. तोही हसला. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही, फक्त डबा बंद केला. मग तो मला म्हणाला, तू का तोंड वाकडं केलंस, त्यांना वाटेल मला वाईट वाटलं. मी त्याचं वाक्य कधीच पूर्ण करत नाही, थांबतो. कधी कधी खूप वेळ लागतो आणि मला कंटाळा येतो. तरी थांबतो. तू अजून थांबतोस का?"

आधी 'मी हसलो नाही' एवढंच लिहिणार होतो. मग आठवलं की मी बोललोही नव्हतो. ते काढू का?

मागचं_पान:
काढू नकोस. कंटाळाही राहू दे. (आणि काकूच.)

तिसरी_घंटा:
शेवटचा प्रश्न मला खटकतोय. तिशीत त्याला वेळ नसेल तर?

अर्धवट_वही:
मग तसं कळेल ना त्याला. चित्रांचं वाक्य मात्र तुमचं वाचून काढून टाकलं. त्याच्याऐवजी एक चित्रच ठेवतोय पाकिटात. बाबांना दाखवलं नाहीये अजून.

शाईवाला:
चित्र कशाने काढलंयस? स्केचपेन असेल तर पत्राला चिकटवून ठेवू नकोस, डाग पलीकडे उतरतो.