मदत हवी आहे: जीएसटी परिषदेवरचे उत्तर १५० शब्दांत बसत नाही

‘जीएसटी परिषद हे सहकारी संघराज्याचे उदाहरण आहे का?’ या १० गुणांच्या प्रश्नाचे उत्तर मी नाशिकच्या अभ्यासिकेत घड्याळ लावून तीनदा लिहिले. माध्यम मराठी, पेपर सामान्य अध्ययन २.

पहिल्या खेपेस २०५ शब्द झाले. प्रस्तावना एका वाक्यावर आणल्यावरही १७५ उरले. ‘मतांचे गणित’, ‘न्यायालयाची भूमिका’ आणि ‘मर्यादा’ ही शीर्षके मला सोडायची नाहीत.

सर्वाधिक जागा गणित खाते. कलम २७९अ नुसार केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागत असल्याने, सगळी राज्ये एकवटली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. हे गाळून पाहिले, तर उत्तर गुळगुळीत झाले. दुसरीकडे, परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असे सांगणारा २०२२ चा मोहित मिनरल्स निकाल वगळला, तर उत्तर एकांगी होते.

सविस्तर नमुना उत्तर नको. गणित शब्दांऐवजी तीन ओळींच्या छोट्या तक्त्यात मांडून निकालाला दोन वाक्ये द्यावीत, की ‘मर्यादा’ हे शीर्षकच निकालात विलीन करावे?