मदत हवी आहे: १ मिनिटात बॉक्सच्या धंद्याची ओळख कशी करून द्यायची?

पुठ्ठेवाला
नमस्कार मंडळी, नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. गुरुवारी सकाळी एका बिझनेस ग्रुपच्या मीटिंगला पाहुणा म्हणून चाललोय, तिथं प्रत्येकाने उभं राहून १ मिनिट बोलायचं आणि वेळ संपली की बेल वाजवतात म्हणे. मी लिहिलंय ते असं:

"नमस्कार, मी अमुक. आम्ही ३ प्लाय, ५ प्लाय, ७ प्लाय बॉक्स, पार्टिशन, डायकट, प्रिंटेड बॉक्स सगळं बनवतो. उत्तम क्वालिटी, वाजवी दर, वेळेवर डिलिव्हरी. कुणालाही बॉक्स लागले तर नक्की सांगा."

हे २० सेकंदांतच संपतं. पुढे काय बोलू?

सुखदा_के
शिक्षण, घरी कोण कोण आहे, छंद, स्ट्रेंथ आणि वीकनेस. आमच्या भाच्याने इंटरव्ह्यूला असंच केलं, सिलेक्ट झाला!

पुठ्ठेवाला
ताई नोकरी नाही हो, धंदा मिळवायचाय 😄

बेलच्या_आधी
अशा ग्रुपात बरीच वर्षं आहे म्हणून सांगतो. समोर बसलेले तुमचं गिऱ्हाईक नसतातच, तिथं सीए असतो, विमावाला असतो, ट्रान्सपोर्टवाला, इंटिरियरवाली, आणि त्यातल्या कुणालाच ५ प्लाय बॉक्स नकोय. पण सीए दहा कारखान्यांचे हिशोब बघतो आणि ट्रान्सपोर्टवाल्याला रोज गोडाऊनमध्ये दबलेले बॉक्स दिसतात. त्यांच्या डोक्यात एकच माणूस उभा राहिला पाहिजे. "कुणालाही" म्हटलं की कुणीच आठवत नाही, आणि मीटिंग संपल्यावर कुणी घर शिफ्टिंगसाठी १५ बॉक्स मागितले तर समजायचं बोलणं कुणालाच कळलं नाही. सगळे प्रॉडक्ट सोडा, एकाच गिऱ्हाइकाचं एकच काम सांगा. आहे का असं एखादं?

पुठ्ठेवाला
आहे की. दिंडोरीकडचे एक सरबतवाले आहेत, बॉक्सला १२ काचेच्या बाटल्या. पावसाळ्यात थप्पीतले खालचे बॉक्स दबून बाटल्या फुटायच्या आणि ते ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडायचे. बघितलं तर आतलं पार्टिशन बॉक्सच्या उंचीपेक्षा आखूड, म्हणजे वरचा सगळा भार बाजूच्या भिंतींवर, त्यात दमट हवेने पुठ्ठा मऊ पडलेला. आम्ही पार्टिशन पूर्ण उंचीचं केलं आणि बाहेरचा कागद जास्त बीएफचा, म्हणजे जास्त ताकदीचा घेतला. बॉक्समागे ४ रुपये वाढले, पण तक्रार बंद.

मार्केटिंगचा_किडा
मग घोषवाक्य पाहिजेच! "पुठ्ठा आमचा, भरोसा तुमचा." आणि सगळं तोंडपाठ करून जा.

बेलच्या_आधी
घोषवाक्य चालेल, पण शेवटी आणि एकदाच. सगळं पाठ केलंत तर मधे एक शब्द अडला की गाडी तिथंच बंद, त्यापेक्षा पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करा. मराठीत निवांत बोललं तर मिनिटात साधारण १२० शब्द बसतात, तुम्ही १०० च धरा. बीएफ, प्लाय गाळून टाका. असं बघा:

"नमस्कार, मी अमुक, अंबडला पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. दिंडोरीच्या एका सरबतवाल्याच्या बाटल्या पावसाळ्यात फुटायच्या, दोष ट्रान्सपोर्टवर जायचा. खरं कारण बॉक्सच्या आत होतं, पार्टिशन आखूड होतं. आम्ही ते बदललं, बॉक्समागे ४ रुपये वाढले आणि फुटणं थांबलं. तुमच्या ओळखीत सरबत, लोणचं, मध, सॉस काचेच्या बाटलीत भरणारं कुणी असेल आणि 'माल पोचेपर्यंत फुटतो' असं म्हणत असेल, तर मला त्यांच्या मालकांशी किंवा डिस्पॅच बघणाऱ्याशी फोनवर बोलायचंय. मी अमुक, बॉक्सवाला, अंबड."

आता हे मोबाईलवर टायमर लावून उभं राहून म्हणा. बसून वाचलं की वेळ कमी वाटते.

डबेवाली_काकू
माझं पण सांगा ना कुणीतरी. मी डबे देते, आणि १ मिनिटात मेनूच सांगत बसते.

बेलच्या_आधी
काकू मेनू सोडा. डबा कुणाला हवाय ते सांगा, म्हणजे नवीन बदली होऊन आलेला बँकवाला किंवा ऑपरेशन झालेल्या पेशंटचं घर.

सातपूरकर
एक शंका. सरबतवाल्याचं नाव घ्यावं का? नाव घेतलं की वजन येतं.

बेलच्या_आधी
विचारल्याशिवाय नाही. त्यांच्या बाटल्या फुटायच्या हे चारचौघांत कुणाला आवडेल?

मार्केटिंगचा_किडा
मी तर घेतो बाबा नावं. आणि एक बॉक्स हातात घेऊन जा, लोकांना दाखवा.

सातपूरकर
बॉक्सचं आधी विचारून घ्या, आमच्या ग्रुपात पाहुण्याला फक्त नाव आणि धंदा सांगू देतात, वस्तू दाखवता येत नाही. सगळीकडे तसं आहे का माहीत नाही.

पुठ्ठेवाला
ज्यांनी बोलावलंय त्यांना फोन करून विचारतो. आत्ता उभं राहून म्हटलं, ५० सेकंद. "डिस्पॅच बघणाऱ्याशी" इथे जीभ अडखळते, "माल पाठवणाऱ्याशी" म्हणू का? आणि नंतर चहाला कुणी लगेच "बॉक्सचा रेट काय?" विचारलं तर?

बेलच्या_आधी
म्हणा बिनधास्त. रेट तिथं सांगू नका, साईज आणि आतल्या मालाचं वजन कळल्याशिवाय कोणता पुठ्ठा लागेल तेच ठरत नाही. नंबर घ्या आणि म्हणा, तुमचा चालू बॉक्स एक पाठवा, बघून सांगतो.