ओवीचा क्लिअर मागं जाईना (सोसायटी ग्रुप, परभणी)

ओवीचे बाबा (बी-२०४): सर नमस्कार. ओवीला नवीन रॅकेट घ्यायलोय, साडेतीन हजाराची बघून ठेवलीय. शाळेत नववीला बॅडमिंटनचं युनिट चालू आहे अन् तिचा क्लिअर उंच जाऊन मागच्या रेषेपाशी पडायच्या ऐवजी अर्ध्या कोर्टातच पडायलाय. घेऊ का?

पीटी सर (सी-३०२): थांबा, घेऊ नका. आधी ती रॅकेट धरते कशी ते बघा. काल संध्याकाळी खाली बघितलं मी, पोरगी रॅकेट तव्याच्या दांडीसारखी धरायलीय. नेटजवळ तसं चालून जातं, समोरून आलेलं शटल थोपवता येतं, म्हणून पोरांना वाटतं आपलं बरोबरच आहे. पण डोक्यावरून मारायची वेळ आली की पंचाईत.

ए-१०१ काकू: सर आमच्या लेकराला तर दोन तास शटलला हात लावू दिला नाही म्हणे, नुसतं रॅकेट धरून उभं केलं. कामून?

पीटी सर: हाव काकू, मुद्दामच 😄 सांगतो. क्लिअर लांब जातो तो खांद्याच्या ताकदीवर कमी अन् कोपरापासून पुढचा हात फिरण्यावर जास्त. तांब्यातलं पाणी उजव्या हातानं डावीकडं ओतताना हात कसा वळतो, तसा तो डोक्याच्या वर झटक्यात वळला पाहिजे. आता तव्यासारखी धरली की जाळी आधीच नेटकडं तोंड करून बसलेली असते, मग हात फिरवायला जागाच राहत नाही, पोरगं नुसतं कोपरानं ढकलतं अन् शटल वर जाऊन मधेच पडतं. म्हणून कुऱ्हाड धरतो तशी धरायची, कड पुढं. अंगठा अन् पहिलं बोट यांच्यामधला जो व्ही होतो तो दांड्याच्या वरच्या अरुंद बाजूवर आला पाहिजे. मूठ आवळायची नाही, तळहात अन् दांडा यात थोडी फट राहू द्यायची, शटल लागताना तेवढी आवळायची. पोरं पहिल्यापासूनच गच्च धरतात, दहा मिनिटांत हात भरून येतो.

कौस्तुभ (डी-१०३): सर बॅकहँडला अंगठा मागच्या रुंद बाजूवर सपाट टेकवायचा हे पण सांगा ना, माझं आयुष्य त्यात गेलं

पीटी सर: ते पुढच्या आठवड्यात. एका दिवसात दोन ग्रिप दिल्या की पोरांचं दोन्हीचं वाटोळं होतं.

ओवीचे बाबा: सर आत्ता बघितलं, तव्यासारखीच धरते हो 🙈 नीट करून दिली. रॅकेटचे पैसे वाचले म्हणायचं

(तीन दिवसांनी)

ओवीचे बाबा: सर ग्रिप नीट केली, तुम्ही सांगितलं तसं मागच्या रेषेच्या २ मीटर आत खडूनं रेघ मारून मोजलं. मी हातानं उंच शटल दिलं तर १० पैकी ७ रेघेच्या पलीकडं गेले. पण खेळायला लागली की परत १० पैकी २. आता रॅकेट घेऊ का 😅

पीटी सर: नाही 😂 उभं राहून जातो म्हणजे हात बरोबर आहे, पाय उशिरा पोचायलेत. तिला सांगा, शटल मारू नको, डाव्या हातानं झेल. कपाळाच्या वर थोडं पुढं झेलता आलं तर ती वेळेवर पोचली, डोक्याच्या मागं झेलायला लागलं तर उशीर. उशीर झाला की अंग मागं झुकतं अन् शटल सरळ आभाळात जातं. लेकरं तोंड नेटकडं ठेवून उलट्या पावली मागं पळतात, ही मुख्य चूक. आधी उजवा पाय मागं टाकून आडवं व्हायचं, मग पायाला पाय लावत दोन सरकत्या पावलात शटलच्या खाली जायचं.

कौस्तुभ: अन् समोरच्यानं मारायच्या क्षणाला छोटी उडी

पीटी सर: बरोबर, समोरच्याची रॅकेट शटलला लागतानाच दोन्ही पायावर हलकं टेकायचं, तिथून कुठंही निघता येतं. हे नुसतं सांगून येत नाही, मी शाळेत बिनशटलचं करून घेतो, हातानं दिशा दाखवायची अन् पोरांनी जायचं.

ए-१०१ काकू: म्हणजे शटलशिवायच शिकवायचं ठरवलंय सरांनी 😄

ओवीचे बाबा: सर एक गंमत बघा. झेलायला लावलं. गेटकडच्या बाजूनं १० पैकी ८ कपाळावर झेलले. पार्किंगकडच्या बाजूनं १० पैकी ३. पोरगी तीच, शटल तेच.

पीटी सर: वारं असेल का? वाऱ्यात क्लिअर तपासायचाच नसतो.

ओवीचे बाबा: पान हलत नव्हतं सर, संध्याकाळची साडेसहा अन् नुसतं उकडायलं होतं.

पीटी सर: मग मी खाली येऊन बघतो. गरमीत शटल जास्त पळतं हे खरं, म्हणून तर नायलॉनचं हिरव्या पट्टीचं, म्हणजे सगळ्यात हळू, आणायला सांगितलं होतं. पण दोन्ही बाजूला ते सारखंच पळणार.

जोशी आजोबा (ए-३०१): सर येताच आहात तर डबल्सचं पण बघा. काल दोन नातवंडं मधोमध एकमेकांवर आदळली, शटल कुणाचंच नाही.

पीटी सर: आजोबा, त्यांनी नक्की उंच क्लिअर मारून एक पुढं अन् एक मागं असंच उभं राहिलं असणार. क्लिअर मारला म्हणजे मारायची संधी समोरच्याला दिली, आता स्मॅश कुठल्याही बाजूला येईल, म्हणून दोघांनी शेजारी शेजारी यायचं. ज्यानं मागून मारला तो आपल्याच बाजूनं मध्यापर्यंत पुढं, नेटजवळचा दुसऱ्या बाजूला मागं. आपण स्मॅश नाहीतर ड्रॉप मारला तरच एक पुढं एक मागं. अन् शेजारी उभं असताना मधलं शटल कुणाचं? ज्याचा फोरहँड मधे येतो त्याचं. दोघं उजव्या हाताचे असतील तर डावीकडचा घेणार.

जोशी आजोबा: धाकटा डावखुरा आहे.

पीटी सर: मग त्याला उजव्या अर्ध्यात उभं केलं तर मधे दोघांचे फोरहँड येतात. तेव्हा आधीच ठरवून घ्यायचं अन् मोठ्यानं ओरडायचं, माझं! लाजायचं नाही.

(पाऊण तासानं)

पीटी सर: बघून आलो. कोर्टची लांबी बरोबर आहे, १३.४० मीटर, टेपनं मोजली. पण पार्किंगकडच्या रेषेच्या मागं एका फुटावर पांढरी स्कूटी लावलीय. ओवी मागं सरकते अन् दुसऱ्या पावलाला थांबते, हँडल पाठीत लागेल म्हणून. शटल डोक्याच्या मागं जातं अन् मग ती वाकून मारते. पाय चुकत नाहीत, घाबरतात.

सचिव काका: कोर्टमागं गाडी लावायची नाही असं मीटिंगमधे ठरलेलं आहे. कुणाची आहे ती?

कौस्तुभ: 👀

ए-१०१ काकू: रोज तिथंच असते, मी तर तीनदा सांगितलं होतं वॉचमनला

ओवीचे बाबा: माझी आहे. काढायलोय.

ओवीचे बाबा: काढली. पार्किंगकडून १० पैकी ६.