आवाहन संगीताच्या आधी

"पॉडकास्टच्या शेवटी 'सबस्क्राइब करा' म्हणताना मागे लागल्यासारखं वाटतं."

आमच्या पॉडकास्टमध्ये आम्हीही हे समारोपाचं संगीत सुरू झाल्यावर म्हणायचो. ऐकण्याचा आलेख नेमका तिथेच कोसळायचा, कारण संगीत वाजलं की भाग संपला असं समजून लोक बंद करतात. आता गप्पांच्या ओघातच, संगीताआधी, एकच विनंती करतो आणि तीही विषयातूनच निघालेली. गोधडीच्या भागात म्हटलं, "तुमच्या घरी कुणाच्या लुगड्याची गोधडी आहे? सवडीनं दोन वाक्यं रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू."

त्यातलं 'सवडीनं' मला फार मोलाचं वाटतं. ऐकणाऱ्याचे हात तेव्हा कणकेत असतात नाहीतर स्टिअरिंगवर. म्हणून पाठवायचा पत्ता बोलून दाखवत बसू नका, भागाच्या वर्णनात पहिल्याच ओळीत ठेवा. आणि आलेल्या गोष्टी पुढच्या भागात खरंच ऐकवा.